डिलिव्हरीची तारीख चुकली: ग्राहकाला माफीचं पत्र आणि रिकव्हरी प्लॅन कसा लिहायचा

सुट्या भागांचा छोटा कारखाना चालवणाऱ्यांवर, किंवा अशा कारखान्यात डिस्पॅच आणि प्लॅनिंग सांभाळणाऱ्यांवर, हे पत्र लिहायची वेळ कधी ना कधी येतेच. मी आधी खरेदी विभागात होतो, तेव्हा अशी पत्रं माझ्या टेबलावर यायची. आता भोसरीतल्या एका मशीनिंग शॉपमधून ती लिहायचं काम माझ्याकडे आहे. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघितल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे. खरेदीवाला माफीचा परिच्छेद भरभर वाचतो आणि थेट तारखांवर येतो. तारखा विश्वास ठेवण्यासारख्या असतील तर तो पत्र पुढे आपल्या प्लॅनिंगवाल्यांना पाठवतो. नसतील तर फोन उचलतो आणि दुसरा पुरवठादार शोधायला लागतो. म्हणून या लेखात पत्राच्या भाषेपेक्षा त्यातल्या तारखा कशा काढायच्या यावर जास्त लिहिलं आहे.

सगळ्या पायऱ्यांसाठी एकच उदाहरण घेतो. आकडे समजायला सोपे ठेवले आहेत, पण प्रकार नेहमीचाच आहे. चाकणच्या एका ग्राहकाला केस हार्डनिंग केलेल्या 6,000 पिना शुक्रवार, 14 नोव्हेंबरपर्यंत द्यायच्या होत्या. काम टर्निंग, मग बाहेरून हीट ट्रीटमेंट, मग आपल्याकडे ग्राइंडिंग, अशा क्रमाने चालतं. 14 तारखेला 2,400 पिना गेल्या आणि 3,600 राहिल्या. हीट ट्रीटमेंटहून आलेल्या 1,800 पिनांची केस डेप्थ 0.45 मिलिमीटर भरली, ड्रॉइंगवर 0.7 ते 0.9 मागितली होती. उरलेल्या 1,800 टर्निंग होऊन पडून होत्या, कारण भट्टी दुरुस्तीसाठी बंद होती.

लिहायला बसण्याआधी समोर काय हवं

- पर्चेस ऑर्डर, तिच्या मागच्या पानावरच्या अटींसकट, आणि शेवटचं डिलिव्हरी शेड्यूल
- आजपर्यंतच्या डिस्पॅचची चलनं आणि इन्व्हॉइस
- जॉबवर्कला गेलेल्या मालाची चलनं
- नापास लॉटचा तपासणी रिपोर्ट, इथे केस डेप्थ आणि हार्डनेसचा
- हीट ट्रीटमेंटवाल्याकडून भट्टीच्या तारखा, लेखी. व्हॉट्सॲपवर आल्या तरी चालतील
- आपल्या अडलेल्या मशीनचा सायकल टाइम, वहीतला नव्हे, गेल्या आठवड्यात प्रत्यक्ष मिळालेला

## 1. आधी फोन करा, पत्र नंतर

तारीख चुकणार हे कळलं त्याच दिवशी खरेदीवाल्याला फोन करा. उदाहरणात लॉट नापास असल्याचं बुधवारी, 12 तारखेला कळलं. फोन बुधवारीच जायला हवा. शुक्रवारी संध्याकाळी गाडी आली नाही म्हणून स्टोअरवाल्याने खरेदीवाल्याला विचारायचं, आणि त्याने तुम्हाला, असा उलटा क्रम झाला की पुढचं पत्र कितीही चांगलं असलं तरी ते बचाव म्हणूनच वाचलं जातं.

फोनवर तीनच गोष्टी सांगा: किती माल वेळेत येतोय, किती राहतोय, आणि पक्क्या तारखांचं पत्र कधी मिळेल. नवी तारीख फोनवर देऊ नका. समोरून दबाव येतो, "अंदाजे तरी सांगा" म्हणतात, आणि तुम्ही "सोमवार-मंगळवारपर्यंत करतो" म्हणून जाता. तो मंगळवार तिकडे लगेच प्लॅनमध्ये चढतो. मग पत्रात खरी तारीख लिहिली की एकाच ऑर्डरवर दुसऱ्यांदा तारीख चुकल्यासारखं होतं. "शनिवारी दुपारी बारापर्यंत हीट ट्रीटमेंटच्या तारखा घेऊन लेखी पाठवतो" असं सांगा आणि ती बाराची वेळ मात्र पाळा.

## 2. एकेक नग कुठे आहे ते मोजा

ऑफिसमध्ये बसून शिल्लक काढू नका. शॉपवर जाऊन ट्रे मोजा. "टर्निंग झालेल्या 1,800" यांत कधी शंभर-दीडशे पिना रिवर्कच्या डब्यात असतात, कधी चलनावर 900 आणि प्रत्यक्षात 870 असतात. पत्रातला आकडा आणि मिळालेला माल यांत फरक पडला की शेवटच्या हप्त्यात तो उघडा पडतो, आणि तेव्हा खुलासा करणं फार अवघड जातं.

## 3. ग्राहकाला रोज किती लागतो ते विचारा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यांत मोलाची आहे. ग्राहकाच्या प्लॅनिंगमधल्या माणसाला विचारा: लाइनवर रोज किती नग लागतात, सध्या स्टोअरमध्ये किती आहेत, सुट्टी कोणत्या वारी असते.

आपल्या उदाहरणात उत्तर आलं: रोज 600, रविवारी सुट्टी. म्हणजे आपण दिलेल्या 2,400 पिना शनिवार, सोमवार, मंगळवार, बुधवार पुरतील. बुधवार, 19 तारखेच्या संध्याकाळपर्यंत काहीच पोचलं नाही तर गुरुवारी सकाळी त्यांची लाइन थांबेल. आता प्रश्न बदलला. 3,600 पिना एकदम कधी देऊ, हा तुमचा प्रश्न होता. ग्राहकाचा प्रश्न आहे, बुधवारपासून माझ्याकडे रोज 600 येतील का. रिकव्हरी प्लॅनने उत्तर या दुसऱ्या प्रश्नाला द्यायचं असतं.

## 4. कारण शोधा, आणि आपल्या दारापर्यंत आणा

"वेंडरच्या भट्टीत बिघाड झाल्यामुळे" एवढं लिहून थांबलात तर ग्राहकाला कळतं की हे पुन्हा होणार. वेंडर तुम्ही निवडलाय, त्याच्यावर लक्ष ठेवणं तुमचं काम आहे.

उदाहरणातलं पहिलं कारण असं: भट्टीतल्या वायूत कार्बन किती आहे हे सांगणारा ऑक्सिजन प्रोब प्रत्यक्षापेक्षा जास्त रीडिंग देत होता. त्यामुळे कंट्रोलरने कार्बन कमी केला आणि पिनांवर कठीण थर पातळ बसला. पण आपलं कारण वेगळं आहे. माल सोमवारी आला होता. पिन कापून, पॉलिश करून, थर मोजायचं काम ग्राइंडिंग सुरू करताना, म्हणजे बुधवारी झालं. दोन चार्ज सलग नापास झाले, कारण पहिल्याचा रिपोर्ट हातात येण्याआधी दुसरा भट्टीत गेला होता. पत्रात ही दोन्ही कारणं यायला हवीत, दुसरं जास्त ठळक. सुधारणाही दुसऱ्याच कारणावर असली पाहिजे: प्रत्येक चार्जमधली एक पिन भट्टीवरच कापून मोजायची, रिपोर्ट आल्याशिवाय पुढचा चार्ज लावायचा नाही.

एक सापळा इथेच सांगतो. बिघाडाला "नैसर्गिक आपत्ती" किंवा "आवाक्याबाहेरची परिस्थिती" म्हणू नका. ऑर्डरमधलं ते कलम पूर, दंगल, सरकारी बंदी अशा गोष्टींसाठी असतं. प्रोब खराब होणं त्यात बसत नाही, आणि ओढूनताणून बसवलं की ग्राहकाचा क्वालिटीवाला बिथरतो.

## 5. तारखा अडलेल्या जागेपासून काढा

सगळ्या मशीनचा हिशोब करायची गरज नाही. जिथे माल सर्वांत हळू सरकतो त्या एक-दोन जागा शोधा. इथे भट्टी आणि ग्राइंडिंग.

भट्टीवाला रोज आपला एक चार्ज, 900 पिनांचा, घ्यायला तयार आहे. प्रोब बदलून ट्रायल शुक्रवारी पास झाली. शनिवारी लावलेला चार्ज टेंपरिंग आणि तपासणी होऊन रविवारी संध्याकाळी मिळतो. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार असे चार चार्ज, म्हणजे 3,600.

ग्राइंडिंगचा सायकल टाइम 75 सेकंद. आठ तासांच्या पाळीत निव्वळ सात तास धरले तर 336 पिना होतात. व्हीलचं ड्रेसिंग आणि सेटिंग वजा करून 320 धरा. दोन पाळ्यांत 640. त्यातल्या थोड्या पुन्हा ग्राइंड कराव्या लागणार म्हणून ग्राहकाला रोज 600 सांगायच्या. आज ग्राइंड झालेला माल उद्या तपासून संध्याकाळी गाडीत भरायचा. सोमवारी, 17 तारखेला ग्राइंडिंग सुरू झालं तर पहिल्या 600 मंगळवारी, 18 ला निघतात आणि दुसऱ्या बुधवारी.

आणि इथे गुरुवार आडवा येतो. भोसरी भागात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, विजेची देखभालही त्याच वारी निघते. घाईत केलेल्या प्लॅनमध्ये हा दिवस हमखास विसरला जातो. गुरुवारी ग्राइंडिंगही नाही, तपासणीही नाही. त्यामुळे बुधवारी ग्राइंड केलेल्या पिना शुक्रवारी, 21 ला जातील. पुढे शनिवार 22, सोमवार 24, मंगळवार 25. सहा हप्ते, प्रत्येकी 600.

आता हे ग्राहकाच्या खपाशी ताडून बघा. मंगळवारच्या आणि बुधवारच्या गाड्या पोचल्यावर त्यांच्याकडे बुधवारी रात्री 1,200 असतील. गुरुवारी गाडी नाही, 600 खपतील. शुक्रवारी उरलेल्या 600 खपतील आणि संध्याकाळी आपली गाडी पोचेल. तिथून पुढे त्यांच्याकडे रोज रात्री फक्त दुसऱ्या दिवसापुरता माल असेल. लाइन थांबत नाही, पण हाताशी जास्तीचं काही नाही. हे ग्राहकापासून लपवू नका. पत्रात स्पष्ट लिहिलंत तर तेही त्यांच्या बाजूने काही करू शकतात, उदाहरणार्थ दुसरं मॉडेल एक दिवस पुढे घेणं.

शेवटची तारीख हिशोबाने 25 निघते. पत्रात "26 नोव्हेंबरपर्यंत पूर्ण" लिहा. एक दिवस हाताशी ठेवा, चार दिवस नको. चार ठेवलेत तर प्लॅन ढिला दिसतो आणि खरेदीवाला त्यातले तीन कापून मागतो.

## 6. ज्या गोष्टीला ग्राहकाची परवानगी लागते ती वेगळी काढा

नापास 1,800 पिना पुन्हा भट्टीत घालून थर वाढवता येतो. पण हा रिवर्क ग्राहकाच्या लेखी परवानगीशिवाय करायचा नाही. दुसऱ्यांदा तापवलेली पिन वाकण्याची शक्यता वाढते, आणि धातूच्या अंतर्गत रचनेवरही परिणाम होऊ शकतो. म्हणून परवानगी मागताना सोबत काय तपासणार तेही लिहा: प्रत्येक पिनेचा रनआउट, आणि प्रत्येक चार्जमधून कापलेल्या पिनेची केस डेप्थ व अंतर्गत रचना.

तसंच दुसऱ्या हीट ट्रीटमेंटवाल्याचं. "पर्यायी वेंडरकडून करून घेतो" हे वाक्य पत्रात सहज येतं. वाहन उद्योगात मंजूर प्रक्रिया बदलायला बहुतेक वेळा नव्याने मंजुरी घ्यावी लागते, नमुने द्यावे लागतात, त्यात आठवडे जातात. गुपचूप बदललंत आणि पुढे कळलं तर उशीर परवडला असं म्हणायची वेळ येईल.

परवानगी कधीपर्यंत हवी ती वेळ लिहा, आणि ती न मिळाल्यास काय होईल तेही. रिवर्कचा पहिला चार्ज सोमवारी लागणार असेल तर सोमवारी दुपारी बारा.

## 7. आता पत्र लिहा

एका पानात बसवा. खरेदीवाल्याच्या नावे, प्रत त्यांच्या प्लॅनिंग, क्वालिटी आणि स्टोअरला. सही मालकाची किंवा कारखाना प्रमुखाची असावी. डिस्पॅच क्लार्कच्या सहीच्या पत्रावर कुणी प्लॅन बदलत नाही. बऱ्याच कंपन्यांशी पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो, तरी मांडणी हीच राहते.

> दिनांक: 15 नोव्हेंबर
>
> विषय: पिन, पर्चेस ऑर्डर क्र. ____ : 14 नोव्हेंबरच्या डिलिव्हरीतील 3,600 नगांचा उशीर आणि नव्या तारखा
>
> सप्रेम नमस्कार,
>
> 14 नोव्हेंबरपर्यंत 6,000 पिना देण्याचं आम्ही मान्य केलं होतं. त्यांपैकी 2,400 दिल्या, 3,600 देऊ शकलो नाही. या उशिराबद्दल आणि त्यामुळे तुमच्या नियोजनावर आलेल्या ताणाबद्दल आम्ही मनापासून माफी मागतो.
>
> कारण: हीट ट्रीटमेंटच्या भट्टीतील ऑक्सिजन प्रोबच्या चुकीच्या रीडिंगमुळे 1,800 पिनांची केस डेप्थ 0.45 मिमी आली (मागणी 0.7 ते 0.9). आमच्याकडे ही तपासणी माल आल्यावर दोन दिवसांनी झाली, त्यामुळे दुसरा चार्जही तसाच निघाला. पुढील 1,800 पिना भट्टी बंद असल्याने थांबल्या. यातला एकही नापास नग तुमच्याकडे आलेला नाही. पाठवलेल्या 2,400 पिना आधीच्या पास लॉटमधील आहेत, रिपोर्ट सोबत जोडला आहे.
>
> नव्या तारखा: 18, 19, 21, 22, 24 आणि 25 नोव्हेंबरला प्रत्येकी 600 नग, रोज संध्याकाळी सातपर्यंत तुमच्या गेटवर. काही अडचण आल्यास धरून, 26 नोव्हेंबरपर्यंत पूर्ण. वाहतूक रोज वेगळ्या गाडीने, आमच्या खर्चाने. 20 तारखेला आमच्या भागात सुट्टी असल्याने गाडी नाही. रोज 600 च्या खपानुसार लाइन थांबणार नाही, मात्र 21 पासून तुमच्याकडे एकाच दिवसाचा साठा राहील.
>
> तुमच्याकडून हवं: नापास 1,800 पिनांच्या रिवर्कला लेखी परवानगी, सोमवार 17 तारखेला दुपारी बारापर्यंत. तपासणीचा आराखडा जोडला आहे. परवानगी न मिळाल्यास 21 तारखेपर्यंतचे तीन हप्ते ठरल्याप्रमाणे येतील आणि उरलेल्या 1,800 पिना नव्याने बनवून 5 डिसेंबरपर्यंत देऊ.
>
> पुन्हा होऊ नये म्हणून: 15 नोव्हेंबरपासून प्रत्येक चार्जमधील एक पिन भट्टीवरच कापून मोजली जाईल. तो रिपोर्ट पाहिल्याशिवाय आमचा क्वालिटी इंजिनिअर पुढचा चार्ज लावू देणार नाही.
>
> रोज संध्याकाळी सहा वाजता दिवसभराची स्थिती कळवू. संपर्क: (नाव, मोबाइल)
>
> आपला,
> (सही, पद)

यात माफी एकदाच आहे, आणि ती नेमक्या गोष्टीबद्दल आहे. "झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" असलं मोघम वाक्य टाळा. "आधीचा माल पास लॉटमधला आहे" हे वाक्य मात्र विसरू नका. नापास लॉटचं नाव निघालं की क्वालिटीवाल्याची पहिली शंका लाइनवर चढलेल्या मालावर येते, आणि उत्तर हाताशी नसेल तर तो आहे तोही साठा रोखून धरतो.

## 8. दंडाच्या कलमाबद्दल काय लिहायचं

ऑर्डरच्या मागे उशिराच्या दंडाची अट बघा. आठवड्याला अर्धा टक्का आणि कमाल पाच टक्के, असं पुष्कळ ऑर्डरींत दिसतं. पत्रात या अटीचा विषय तुम्ही स्वतःहून काढू नका आणि ती नाकारूही नका. सर्वांत धोक्याचं वाक्य म्हणजे "तुमचं जे काही नुकसान होईल ते आम्ही भरून देऊ". भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 प्रमाणे करारात रक्कम ठरलेली असेल तर तिच्या मर्यादेत राहूनच वाजवी भरपाई मिळते. ती मर्यादा तुम्हीच एका भावनेच्या भरात लिहिलेल्या वाक्याने सैल का करायची? द्यायचं ते ठोस द्या: रोजच्या वेगळ्या गाडीचा खर्च आमचा.

त्याच कायद्याच्या कलम 55 मुळे ग्राहकाकडून एक उत्तर येऊ शकतं, "उशिरा माल स्वीकारतो आहोत, पण भरपाईचा हक्क राखून ठेवतो". ते वाचून घाबरू नका. उशिराची पूर्तता स्वीकारताना तशी सूचना दिली नाही तर नंतर भरपाई मागता येत नाही, म्हणून त्यांचा विभाग ते लिहितो. उत्तरात "पत्र मिळालं" एवढं पुरे. रक्कम मोठी असेल तर पत्र पाठवण्याआधी वकिलाला दाखवा.

## 9. पत्र गेल्यावर

रोज संध्याकाळी सहाचा मेसेज चुकवू नका, काही नवीन नसलं तरी. त्यात चार आकडे द्या: भट्टीतून आले किती, ग्राइंड किती, पास किती, गाडीत किती. एखादा चार्ज नापास झाला तर सहाची वाट न बघता लगेच फोन करा, कारण 21 नंतर त्यांच्याकडे एकाच दिवसाचा साठा आहे आणि तुमचा एक वाया गेलेला चार्ज म्हणजे त्यांचा दीड दिवस.

शेवटचं काम कागदाचं. नव्या तारखा मान्य झाल्याचं लेखी उत्तर मिळालं की खरेदीवाल्याला त्यांच्या सिस्टममधलं शेड्यूलही बदलायला सांगा. अनेक कंपन्यांत जुनी तारीख उलटली की पोर्टलवर डिस्पॅचची नोंद होत नाही, आणि गाडी गेटवर तासन्तास उभी राहते. 18 ची पहिली गाडी निघायच्या आधी, सोमवारीच, हे शेड्यूल उघडून तपासा.